सुगीच्या जेवणाचे टेबल: आधी ज्योत, मग फळे

प्रश्न: संक्रांतीनंतरच्या शनिवारी रात्री आमच्याकडे सांगलीला आठ माणसे जेवायला आहेत. टेबल सहा फूट बाय तीन फूट आहे. मधोमध सध्याची फळे, मेणबत्त्या आणि साधी, स्वस्तातली भांडी घेऊन काही मांडावे असे मनात आहे. दिवाळीत असेच केले तेव्हा समोरचा माणूस दिसेना, सीताफळांवर मेण गळले, आणि सासूबाई म्हणाल्या, "हे जेवायचे टेबल आहे की फळवाल्याची गाडी?" सुगडे वापरली तर चालतील का? आणि नीट मांडायचे कसे?

उत्तर:

सुगडे चालतील, आणि जानेवारीत या कामासाठी त्यांच्यापेक्षा स्वस्त आणि योग्य भांडे मला तरी दुसरे ठाऊक नाही. एक पथ्य मात्र पाळावे. संक्रांतीला पुजलेली किंवा वाणात आलेली सुगडे या कामाला घेऊ नयेत. सासूबाईंना ते आवडणार नाही आणि त्यांचे म्हणणे रास्तच असेल. सण उलटल्यावर कुंभाराकडे थोडीफार सुगडे उरलेली असतात व ती तो कमी पैशांत देतो, त्यातली पाच निवडून आणावीत. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तोंडात तीन बोटे जुळवून सहज उतरली पाहिजेत, टिचकी मारल्यावर आवाज खणखणीत आला पाहिजे, आणि काठावर चीर नसावी. बद्द आवाजाचे सुगड आतून तडकलेले असते आणि त्यात मेणबत्ती लावणे धोक्याचे असते. रंगवलेली, टिकल्या आणि चमकी चिकटवलेली सुगडे घेऊ नयेत, कारण तो रंग व तो डिंक उष्णतेने कसा वागेल याचा भरवसा नसतो आणि साध्या भाजक्या मातीचा तांबूस रंग मेणबत्तीच्या उजेडात त्याहून कितीतरी चांगला दिसतो.

तुमचे दिवाळीतले टेबल बिघडले ते, माझ्या अंदाजाने, फळांमुळे किंवा मेणबत्त्यांमुळे बिघडले नाही. ते क्रमामुळे बिघडले असावे. बहुतेक घरांत आधी फळे आणली जातात, ती परातीत रचली जातात आणि शेवटी जिथे फट उरेल तिथे मेणबत्ती खोचली जाते. मी वीस वर्षांहून अधिक काळ सांगली-मिरजेत जेवणावळींची मांडणी करीत आलो आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तसेच करीत असे. आता आधी जागा मोजतो, मग ज्योती कुठे राहतील ते ठरवतो आणि फळे अगदी शेवटी हातात घेतो.

जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. टेबलाची रुंदी साधारण ९० सेंटिमीटर. समोरासमोर दोन ताटे मांडली की ३४-३५ सेंटिमीटर एका बाजूला गेले, तेवढेच दुसऱ्या बाजूला गेले, आणि मध्ये उरली जेमतेम एक वीत, म्हणजे २०-२२ सेंटिमीटर. त्याच पट्ट्यात पाण्याचे पेले डोकावतात. लांबीच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बसणार असेल तर तिथली ताटे वजा जाता साधारण पाच वीत लांबी हाती राहते. म्हणून तुमची मांडणी पाच वीत लांब आणि एक वीत रुंद अशी पट्टीसारखी असायला हवी. मधोमध गोल परात ठेवून तिच्यावर फळांचा डोंगर रचण्याची पद्धत अशा टेबलाला बसत नाही. भाजी-आमटीची पातेली टेबलावर ठेवायची असतील तर ही पट्टीही बसणार नाही. आपल्याकडे आग्रहाने वाढण्याची रीत आहे तीच इथे सोयीची पडते. पातेली बाजूच्या छोट्या टेबलावर किंवा ओट्यावर ठेवावीत आणि तिथून वाढावे. टेबलावर मीठ, लिंबू, चटणी एवढेच ताटापाशी असावे.

उंचीचा हिशेबही खुर्चीवर बसून करावा, उभे राहून नव्हे. माणूस बसला की त्याचे डोळे टेबलाच्या वर साधारण ४५ सेंटिमीटरवर येतात. समोरच्याचा चेहरा आणि हनुवटी मोकळी दिसायची तर पट्टीतली कोणतीही वस्तू त्याच्या निम्म्याहून फार वर जाऊ नये. घरच्या घरी करण्याची चाचणी अशी की कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरावा. मनगटाच्या वर काही जात असेल तर ते काढावे. उंच, सडपातळ मेणबत्त्या दिसायला छान असतात, परंतु नेहमीच्या घरगुती मेणबत्तीची ज्योत स्टँडवर ठेवली की नेमकी डोळ्यांच्या पातळीला येते, डोळ्यांत खुपते आणि तिच्या मागचा चेहरा अंधारात जातो. ज्योत एक तर नजरेच्या पुरेशी खाली हवी किंवा पुरेशी वर. वर न्यायची तर ज्योत छताच्या पंख्याच्या जवळ जाते, म्हणून आपल्या घरांसाठी मी खालचीच बाजू घेतो. सुगडातली ज्योत टेबलापासून साधारण १५-१७ सेंटिमीटरवर राहते. ही उंची जेवणाला उत्तम आहे.

आता सुगडात मेणबत्ती कशी बसवायची ते नीट पाहू, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. पत्र्याच्या वाटीतली बुटकी मेणबत्ती, जिला दुकानात टी-लाइट म्हणतात, ती सुमारे ३८ मिलिमीटर व्यासाची असते आणि आपण निवडलेल्या तोंडातून सहज आत जाते. ती सरळ तळाशी सोडावी असा मोह होतो, कारण मग सुगड आतून उजळेल असे वाटते. प्रत्यक्षात माती अपारदर्शक असल्यामुळे बाहेर काहीच उजेड येत नाही, फक्त छतावर एक गोल दिसतो. शिवाय अरुंद तोंडाच्या पोटात ज्योतीला हवा पुरत नाही. वर जाणारी गरम हवा आणि खाली येणारी ताजी हवा एकाच तोंडातून झगडतात, ज्योत थरथरते, लांबट व पिवळी-तांबडी होते आणि काठाला काजळी धरते. त्यातच पोटातली उष्णता कोंडल्यामुळे वाटीतले सगळे मेण वेळेआधी पातळ होते.

यावर उपाय म्हणजे वाळू. चाळलेली, पूर्ण कोरडी वाळू सुगडात भरावी आणि ती तोंडापासून साधारण बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटर, खाली राहील इतकीच ठेवावी. त्यावर मेणबत्तीची वाटी हलके दाबून सपाट बसवली की तिची कड सुगडाच्या काठाशी येते आणि ज्योत संपूर्णपणे बाहेर, मोकळ्या हवेत राहते. वाळूचा दुसरा उपयोग वजनाचा आहे. रिकामे सुगड कोणाच्या बाहीनेही कलंडते, वाळूने भरलेले सुगड धक्का बसला तरी जागचे फारसे हलत नाही. वाळू ओलसर असेल तर मात्र माती ती ओल बाहेर सोडते आणि पॉलिश केलेल्या लाकडावर पांढरे वर्तुळ उमटते. म्हणून वाळू आदल्या दिवशी दुपारभर उन्हात पसरून ठेवावी. वाळूऐवजी गहू किंवा ज्वारी भरावी असे काही जण सुचवतात. दिसायला ते बरे वाटते, पण वाटीचा तळ चांगला तापतो, खालचे दाणे करपतात आणि जेवताना भाजल्याचा वास येतो. शिवाय मेण पडलेले धान्य पुढे कशाच्याच कामाचे राहत नाही.

सुगडाचा तळ गोलसर असतो, त्यामुळे सपाट टेबलावर ते डुगडुगते. यासाठी आपल्या आज्या डोक्यावर घागर घेताना जी चुंबळ वापरत तीच करावी. जुन्या सुती साडीची दोन बोटे रुंद पट्टी पिळून तिचे कडे करावे आणि दोऱ्याने बांधावे. सुगड त्यात घट्ट बसते आणि लाकडाला मातीचा ओरखडाही पडत नाही. चुंबळ दिसू नये असे वाटत असेल तर वर आंब्याचे किंवा पेरूचे एखादे पान सरकवावे. मी स्वतः मात्र ती झाकत नाही. जुन्या इरकली साडीच्या काठाची चुंबळ मातीच्या रंगाखाली फार शोभते.

पाच सुगडांपैकी चारच पेटवायची. पाचवे आडवे ठेवायचे, त्याविषयी पुढे सांगतो. चार ज्योती पट्टीवर समान अंतराने ठेवू नयेत, ते सभागृहातल्या माइकांसारखे दिसते. डावीकडे दोन सुगडे एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवावीत, मग दोन वितींची जागा मोकळी सोडावी, तिथे तिसरे ठेवावे आणि चौथे अगदी उजव्या टोकाला. मधल्या मोकळ्या जागा फळांच्या. चार टी-लाइटांच्या उजेडात जेवण मांडता येते, जेवता येत नाही. कोशिंबिरीत मिरचीचा तुकडा कोणता हे दिसले पाहिजे. ट्यूब बंद करावी, पण खोलीच्या एका कोपऱ्यातला पिवळा दिवा किंवा स्वयंपाकघराच्या दारातला उजेड चालू ठेवावा. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात मेणबत्ती लावणे आणि न लावणे सारखेच.

फळांची निवड ज्योतीच्या रंगावरून होते, बाजारातल्या रंगावरून नाही. मेणबत्तीचा उजेड तांबूस-पिवळा असतो. त्यात लाल, केशरी, पिवळे खुलतात, निळसर आणि जांभळे रंग काळे पडतात. जानेवारीत तासगावकडची काळी द्राक्षे दिवसा पाहिली तर कोणीही मोहात पडेल, पण रात्री टेबलावर तीच द्राक्षे अंधारात खड्डा पडल्यासारखी दिसतात. हिरव्या-पिवळ्या द्राक्षांचे उलट आहे. त्यांचा मणी पारदर्शक असतो. ज्योत घडाच्या मागे किंवा किंचित बाजूला आली की उजेड मण्यातून आरपार येतो आणि प्रत्येक मण्याच्या आत बियांच्या जागेच्या पुसट रेषा व सालीखालच्या शिरा दिसू लागतात. हा परिणाम दुसऱ्या कोणत्याही फळाने मिळत नाही, आणि तो सांगलीकरांना घराजवळ मिळतो. थॉमसन सीडलेस, तासगावातच निवडून वाढवलेली तास-ए-गणेश, लांबट मण्यांची सोनाका किंवा माणिक चमन, यांपैकी जे त्या आठवड्यात बाजारात आले असेल ते चालेल. हंगामाचा खरा भर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, म्हणून जानेवारीतली द्राक्षे थोडी आंबट लागू शकतात. टेबलासाठी ते गैरसोयीचे नाही, कारण आंबट मणी अधिक कडक असतो आणि घडावर टिकतो.

घड घेताना मण्यांकडे नंतर बघावे, आधी देठ बघावा. मुख्य देठ आणि त्याला फुटलेल्या बारीक काड्या हिरव्या असतील तर घड ताजा आहे. काड्या तपकिरी झाल्या असतील तर मणी कितीही टपोरे दिसले तरी संध्याकाळपर्यंत ते गळू लागतील. घड देठाला धरून हलकासा झटकून पाहावा, दोन-चार मणी पडले तर तो खाली ठेवावा. मण्यांवर जी पांढुरकी, पिठासारखी साय असते ती औषधाची भुकटी आहे असे समजून अनेक जण ती घासून काढतात. ती बहुतांशी द्राक्षाने स्वतःच निर्माण केलेली मेणासारखी साय असते. ती शाबूत असली की मणी मखमली दिसतो, पुसली गेली की बोटांच्या खुणा उमटतात आणि मणी काचेच्या गोटीसारखा दिसतो. याचा अर्थ द्राक्षे धुऊ नयेत असा नाही. बागेत फवारणी झालेली असते आणि जेवणानंतर कोणीतरी मणी तोंडात टाकणारच. धुवायची रीत अशी की घड देठाला धरून गार पाण्याच्या बादलीत तीन-चार वेळा बुडवावा, पाणी बदलून पुन्हा तसेच करावे, हाताने चोळू नये. मग देठाला दोरा बांधून तो तासभर दोरीवर टांगावा. गार पाण्याने साय फारशी जात नाही, ती जाते चोळण्याने. यापुढे घडाला फक्त देठाशीच हात लावायचा.

फ्रिजमधून काढून थेट टेबलावर मांडण्याची चूकही नेहमीची आहे. गार मण्यांवर खोलीतल्या हवेची वाफ धरते, थेंब जमतात आणि साय ठिपक्याठिपक्यांची होते. घड किमान दोन तास आधी बाहेर काढून ठेवावेत.

तुमच्या टेबलाला अर्धा किलोच्या आतबाहेरचे दोन घड पुरेत. पहिला घड दुसऱ्या आणि तिसऱ्या सुगडाच्या मधल्या दोन वितींत आडवा ठेवावा, पण तो सपाट पडला तर बाजारातल्या पाटीतल्यासारखा दिसतो. त्याच्या देठाकडच्या भागाखाली एक स्टीलची वाटी पालथी घालून वर पान ठेवावे. मग घड एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला उतरता होतो आणि टोकाचे मणी टेबलावर अलगद टेकतात. घडाचा उंच भाग ज्योतीपासून चार बोटे तरी दूर असावा आणि कोणताही मणी सुगडाच्या काठाच्या वर येऊ नये. ज्योतीची उष्णता बाजूला कमी आणि वर फार जाते. बाजूचा मणी कोमट होतो, पण ज्योतीवर झुकलेला मणी तासाभरात सुरकुततो. दुसरा, लहान घड तिसऱ्या आणि चौथ्या सुगडाच्या मध्ये, पाचव्या आडव्या सुगडाला टेकून ठेवावा.

हे पाचवे सुगड म्हणजे या मांडणीतली सुगी. ते चुंबळीवर आडवे करून त्याचे तोंड थोडे खाली झुकवावे, आत मूठ-दोन मूठ कागद कोंबून पोट भरावे आणि पुढे बोरे अशी घालावीत की ती तोंडातून ओसंडून टेबलावर आली आहेत असे दिसावे. बोरे या कामाला फार गुणी आहेत. स्वस्त असतात, कडक असतात, चार तासांत काही होत नाही, आणि एकाच पावशेरात हिरवी, पिवळी, तांबूस अशी सगळी छटा मिळते. गुळगुळीत सालीवर प्रत्येक बोरावर ज्योतीचा एक बारीक ठिपका चमकतो. पावशेर पुरे. किलोभर घातली की पुन्हा फळवाल्याची गाडी.

डाळिंबे दोन घ्यावीत. आटपाडी-जतकडची भगवा जातीची डाळिंबे तुमच्याकडे सहज मिळतील. एक अख्खे ठेवावे आणि एक उघडून. उघडताना सुरीने आडवे कापू नये, दाणे कापले जातात, रस ओघळतो आणि सुती कापडावर पडलेला तो डाग पुढे निघता निघत नाही. वरच्या मुकुटाभोवती फक्त साल कापून टोपी काढावी, आतले पांढरे पडदे जिथे दिसतात त्या रेषांवर सालीला उभ्या चिरा द्याव्यात आणि हाताने फाकवावे. दाणे अख्खे राहतात. फाकवलेले डाळिंब पाने घातलेल्या एका छोट्या बशीत, पहिल्या दोन सुगडांच्या मध्ये, दाण्यांची बाजू ज्योतीकडे करून ठेवावे. द्राक्षासारखेच दाणेही उजेड आत घेतात. मात्र उघडलेले दाणे तास-दोन तासांत वरून सुकू लागतात, म्हणून हे काम पाहुणे दारात आल्यावरच करावे. बशीऐवजी पितळेची वाटी घ्यायचा विचार असेल तर आत केळीचे पान घालावे. डाळिंब, द्राक्ष, लिंबू यांच्या आंबटपणाने पितळेवर डाग पडतात आणि कल्हई नसलेल्या पितळेत राहिलेले फळ खाऊ नये.

एवढी तीन फळे पुरेत. पेरू मी अशा टेबलावर ठेवत नाही. पिकलेल्या पेरूचा वास बंद खोलीत आमटीच्या फोडणीवरही मात करतो. सुवासिक मेणबत्तीचे तेच. जेवणाच्या टेबलावर चाफ्याचा किंवा व्हॅनिलाचा वास म्हणजे पहिल्या घासाचा अपमान आहे, साध्या बिनवासाच्याच घ्याव्यात. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेऱ्या दिसतात सुंदर, पण हाताळल्या की दबतात आणि दबल्या की पाणी सोडतात. त्या वाटीत घालून जेवणानंतर आणाव्यात.

एका गोष्टीबद्दल बजावून सांगतो. सुगी म्हटले की गव्हाच्या ओंब्या आणि ज्वारीची कणसे मांडावीशी वाटतात आणि संक्रांतीच्या वाणातला ऊस घरात असतोच. पुष्कळ वर्षांपूर्वी वाळव्याकडच्या एका वाड्यात मी वाळलेल्या ओंब्यांची जुडी मेणबत्त्यांच्या रांगेत ठेवली होती. जेवण सुरू असताना कोणीतरी पंखा लावला, ज्योती एका बाजूला कलल्या आणि एक जुडी भस्सकन पेटली. शेजारच्या माणसाने तांब्यातले पाणी ओतले, तेव्हा पातळ मेण उडाले आणि माझ्या मनगटावर पडले. कोणाला मोठी इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून वाळलेली कणसे, ओंब्या आणि उसाचे पाचट मी पेटत्या टेबलावर आणत नाही. उसाची कांडी ठेवायची असेल तर सोललेली, रसरशीत, बोटभर लांबीची तीन कांडकी बोरांपाशी ठेवावीत. आणि पेटलेल्या मेणावर पाणी कधीही ओतू नये, झाकण घालून हवा तोडावी.

पंख्यामुळेच ही मांडणी दिवाळीपेक्षा आत्ता सोपी आहे. ऑक्टोबरात पंख्याशिवाय आठ माणसे बसू शकत नाहीत आणि वाऱ्यात मेणबत्ती नेहमी एकाच बाजूने वितळते, तिथून मेण ओघळते. तुमच्या सीताफळांवर मेण बहुधा असेच आले. जानेवारीच्या रात्री पंखा बंद ठेवता येतो, पण खिडकी आणि दार यांच्या सरळ रेषेत टेबल असेल तर एक बाजू बंद करावी. ज्योत सरळ उभी राहते की सतत एकाच दिशेला वाकते ते शुक्रवारी रात्री एक सुगड पेटवून तासभर पाहावे. वाकत असेल तर वारा येतो आहे, काजळी धरत असेल तर वाळू कमी पडली आहे किंवा वात लांब आहे. वात ६ मिलिमीटरपेक्षा लांब ठेवू नये.

शनिवारचा क्रम असा ठेवावा. सकाळी द्राक्षे धुऊन टांगावीत, बोरे धुऊन पुसून ठेवावीत. दुपारी चार वाजता टेबलावर साधे सुती कापड किंवा जुना पंचा पट्टीसारखा घालून त्यावर चुंबळी, सुगडे आणि पालथी वाटी ठेवावी आणि लगेच ताटे, पेले मांडून पाहावे. काही अडत असेल तर ते आताच कळते. फळे संध्याकाळी सातनंतर ठेवावीत. सकाळपासून मांडली तर मुंग्या आणि चिलटे पाहुण्यांच्या आधी येतात. मेणबत्त्या मात्र लोक प्रत्यक्ष पाटावर, म्हणजे खुर्चीवर, बसल्यावरच लावाव्यात. साधी टी-लाइट साधारण चार तास जळते, आणि आपल्याकडे साडेआठचे निमंत्रण म्हणजे साडेनऊला पान वाढले जाते हे तुम्हाला सांगायला नको. लावताना काडीचे जळके टोक वाटीत पडू देऊ नये. मेणात पडलेली काडी दुसऱ्या वातीसारखी जळू लागते, ज्योत दुप्पट होते आणि वाटी भलतीच तापते. पडलीच तर विझवून चिमट्याने काढावी.

जेवताना एखादी ज्योत उंच होऊन धूर सोडू लागली तर ती तेवढी विझवावी, तीन ज्योतींनी काही बिघडत नाही. विझवायला फुंकर नको. पातळ मेण फळांवर उडते, आणि घरातली मोठी माणसे फुंकरीने दिवा विझवू देत नाहीत तेही इथे उपयोगाचेच आहे. मातीची एक रुंद पणती हाताशी ठेवावी आणि ती सुगडाच्या तोंडावर पालथी घालावी. दोन-तीन सेकंदांत ज्योत मालवते आणि धूरही आतच कोंडतो. कापडावर मेण पडलेच तर ओले असताना पुसू नये. घट्ट झाल्यावर नखाने उचलावे, उरलेल्या डागावर कोरा टिपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवावी, मेण कागदात जाते.

पाहुणे गेल्यावर सुगडे अर्धा तास तशीच राहू द्यावीत, कारण विझल्यानंतरही वाटीतले मेण पातळ असते. ज्योतीच्या बाजूचे दहा-वीस मणी मऊ झालेले असतील ते तोडून टाकावेत, बाकीचे घड आणि बोरे दुसऱ्या दिवशी मुलांना द्यावीत. वाळू चाळून डब्यात भरून ठेवली की पुढच्या वेळी ती नव्याने वाळवावी लागत नाही. सुगडांच्या काठाला काजळी आली असेल तर ती पाण्याने धुऊ नये, भाजकी माती ती आत ओढून घेते. कोरड्या कापडाने पुसली की निघते.